टेरेसवर टॉवर बसवायचाय? भाडं ठरवण्याआधी स्लॅबला विचारा

तालुक्याच्या गावातही आता तीन-चार मजली सोसायट्या झाल्यात. अशा सोसायटीच्या चेअरमनला एक दिवस फोन येतो, ‘तुमच्या टेरेसवर मोबाईल टॉवर बसवू, महिन्याला भाडं देऊ.’ बैठकीत सगळी चर्चा भाड्यावरच होते. पण पहिला प्रश्न वेगळा आहे: हे वजन आपली बिल्डिंग पेलणार का?

समजा, 1998 साली बांधलेली 12 फ्लॅटची सोसायटी आहे. कंपनी महिन्याला 15 हजार रुपये द्यायला तयार आहे. लोखंडी खांब आणि अँटेना डोळ्यांना दिसतात, पण खरं वजन बहुतेक वेळा खालच्या कपाटात असतं. त्यात बॅटऱ्या आणि यंत्रं असतात. हे कपाट 900 किलोचं आहे आणि 5 फूट बाय 3 फूट जागेवर ठेवलंय असं धरा. म्हणजे एका चौरस फुटावर 60 किलो भार आला.

आता आपल्या गच्चीचं बघा. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला 150 किलो भार धरतात, म्हणजे चौरस फुटाला साधारण 14 किलो. कपाटाचा भार त्याच्या चौपटीहून जास्त झाला. स्लॅब लगेच कोसळत नाही, पण हळूहळू वाकतो. वरच्या मजल्यावरच्या छताला तडे जातात, पावसाळ्यात ओल उतरते, मग आतली सळई गंजते.

म्हणून वजन स्लॅबवर टेकवायचंच नाही. कॉलमच्या डोक्यावरून लोखंडी गर्डर टाकायचे आणि त्यावर सगळा सांगाडा उभा करायचा. त्यामुळे भार कॉलममधून थेट पायात उतरतो. खांबांना वाऱ्याचा जोरही लागतो, तोही हिशेबात धरावा लागतो. बिल्डिंगचे मूळ आरसीसी नकाशे काढा. ते नसतील तर कॉलम आणि बीमची तपासणी करून घ्या. कंपनी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला देईलच, पण तो तिनं नेमलेल्या माणसाचा असतो. तोच कागद आपल्या ओळखीच्या दुसऱ्या इंजिनिअरला दाखवा आणि त्याची फी कंपनीकडून मागा. दाखल्यात आपल्याच बिल्डिंगचं नाव, प्रत्येक वस्तूचं वजन आणि तिची जागा लिहिलेली आहे का, ते बघा. नुसतं ‘इमारत सुरक्षित आहे’ एवढंच लिहिलं असेल तर त्याचा उपयोग नाही.

हा नकाशा आणि वजनाचा तक्ता करारनाम्याला जोडा. कारण पुढे त्याच टॉवरवर दुसरी कंपनी अँटेना लावते आणि वजन वाढतं. ‘सोसायटीच्या लेखी परवानगीशिवाय आणि नव्या दाखल्याशिवाय काहीही वाढवायचं नाही’ ही ओळ करारात हवीच. गच्चीला भोकं पाडली तर वॉटरप्रूफिंग कोण करणार, गळती झाली तर किती दिवसांत दुरुस्ती होणार, हेही लिहून घ्या.

करारात अजून एक कलम नीट वाचा. बरेचदा कंपनीला महिन्याभराच्या नोटिशीवर निघून जाता येतं, सोसायटी मात्र वर्षानुवर्षं अडकते. आपली 1998 ची बिल्डिंग 15 वर्षांच्या करारात अडकली तर रिडेव्हलपमेंटला तोच टॉवर आडवा येईल. त्यामुळे सोसायटीलाही बाहेर पडायची वाट ठेवा. टॉवर काढून गच्ची पूर्ववत करायचा खर्च कंपनीचा, आणि त्यासाठी डिपॉझिट आधीच घ्या.

पैशाचं म्हणाल तर वर्षाचे 1 लाख 80 हजार पूर्ण हातात येत नाहीत. बाहेरच्या कंपनीकडून आलेलं भाडं हे सोसायटीचं करपात्र उत्पन्न असतं. टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो, असं सुप्रीम कोर्टानं 2016 मध्ये सांगितलं होतं, पण नंतर कायदा बदलला. तरी असा कर मागितला गेला तर तो कोण भरणार, हे करारात लिहून घ्या.

निर्णय चेअरमन-सेक्रेटरीनं एकट्यानं घ्यायचा नाही. गच्ची सगळ्यांची आहे. सर्वसाधारण सभेत ठराव करा आणि वरच्या मजल्यावरच्या सभासदांची लेखी संमती वेगळी घ्या. कुणाला रेडिएशनची शंका असेल तर `tarangsanchar.gov.in` या सरकारी पोर्टलवर जवळच्या टॉवरची माहिती बघता येते, आणि फी भरून मोजणीही मागता येते.

शेवटचं, पण फोन आल्याबरोबर तपासायचं: टॉवर बसवून देतो म्हणून कुणी आधी रजिस्ट्रेशन, टॅक्स किंवा ‘ट्रायची एनओसी’ म्हणून पैसे मागत असेल तर ती फसवणूक समजा. ट्राय अशी एनओसी देतच नाही. खरी कंपनी जागेचं भाडं देते, जागामालकाकडून पैसे घेत नाही.