चार तुकड्यांची तुळई, एकच समीकरण

सहा मीटर लांबीची एक पोलादी तुळई दोन्ही टोकांना आधारांवर टेकलेली आहे. डाव्या टोकापासून १ मीटरवर १२ किलोन्यूटनचा, म्हणजे साधारण सव्वा टनाचा, भार एकाच जागी आहे. शिवाय २ ते ४ मीटरच्या पट्ट्यात दर मीटरला ६ किलोन्यूटन भार पसरलेला आहे. तुळई मधोमध किती झुकेल?

भार बदलला की बेंडिंग मोमेंटचे समीकरण बदलते. त्यामुळे इथे तुळईचे चार तुकडे होतात. प्रत्येकाचे दोनदा इंटिग्रेशन करायचे, म्हणजे एकूण आठ अज्ञात स्थिरांक आले. ते काढायला प्रत्येक सांध्यावर झुकाव आणि उतार जुळवत बसावे लागते.

हा खटाटोप टाळणारी रीत केंब्रिजच्या डब्ल्यू. एच. मॅकॉले यांनी १९१९ मध्ये मांडली. जर्मन गणितज्ञ क्लेब्श यांनी १८६२ मध्येच असा मार्ग दाखवला होता. सगळी करामत एका टोकदार कंसात आहे. ⟨x−1⟩ मधली किंमत ऋण असेल तर कंस शून्य धरायचा, नाहीतर नेहमीसारखा सोडवायचा. म्हणजे भाराच्या जागेपर्यंत पोचेपर्यंत त्याचे पद गप्प बसते.

अडचण पसरलेल्या भाराची. त्याचे पद एकदा जागे झाले की थांबत नाही, आपला भार मात्र ४ मीटरवर संपतो. म्हणून तो उजव्या टोकापर्यंत नेला असे मानायचे आणि ४ मीटरपासून तेवढाच भार वरच्या दिशेने लावायचा. दोन्ही एकमेकांना खोडतात.

डावा आधार १६ आणि उजवा ८ किलोन्यूटन पेलतो. आता डावीकडून मोमेंट लिहू:

M = 16x − 12⟨x−1⟩ − 3⟨x−2⟩² + 3⟨x−4⟩²

कंस न फोडता दोनदा इंटिग्रेशन केले की:

EI·y = (8/3)x³ − 2⟨x−1⟩³ − ¼⟨x−2⟩⁴ + ¼⟨x−4⟩⁴ + C₁x + C₂

EI म्हणजे तुळईचा ताठपणा. तो धातूवर आणि छेदाच्या आकारावर ठरतो. आधारांवर झुकाव शून्य, म्हणून C₂ = 0 आणि C₁ = −266/6. आठ स्थिरांकांचे काम दोनांत भागले. मध्यावर, x = 3 ठेवल्यावर, शेवटचा कंस शून्य होतो:

72 − 16 − 0.25 − 133 = −77.25

EI ५००० किलोन्यूटन-मीटर² असेल तर भारांमुळे येणारा झुकाव सुमारे १५.५ मिलिमीटर. ऋण चिन्ह खालची दिशा दाखवते.

चुका दोन ठिकाणी होतात. कंस फोडून इंटिग्रेशन केले तर प्रत्येक तुकड्याचे स्थिरांक वेगळे होतात आणि एका C₁ मध्ये भागत नाही. दुसरे म्हणजे, वरच्या दिशेचा भार विसरतो. ही चूक मात्र लगेच पकडता येते: मोमेंटच्या समीकरणात x = 6 ठेवा. उत्तर शून्य यायला हवे. ते पद राहून गेले असेल तर −12 येते. इंटिग्रेशनला हात घालण्यापूर्वी एवढे तपासाच.