पावसाळ्याआधी तंबूच्या शिवणी

तंबूच्या बाहेरच्या आवरणाला ‘फ्लाय’ म्हणतात. पाऊस अडवतो तो या फ्लायच्या आतल्या अंगाला दिलेला पॉलियुरेथेनचा पातळ लेप. कापड फक्त त्याला आधार देते. कापड शिवताना सुई या लेपाला ओळीने भोके पाडत जाते. ती बुजवण्यासाठी कारखान्यात शिवणीवर आतून एक पारदर्शक पट्टी उष्णतेने चिकटवलेली असते. सह्याद्रीच्या पावसात तंबू गळतो, तेव्हा कापड क्वचितच फाटलेले असते. बहुधा ही पट्टी सुटलेली असते, नाहीतर लेप खराब झालेला असतो.

लेपाचा खरा शत्रू म्हणजे बंद पिशवीतला ओलावा. सहलीहून आल्यावर अर्धवट वाळलेला तंबू घडी घालून माळ्यावर टाकला, की ओल आणि उन्हाळ्यातली उष्णता मिळून पॉलियुरेथेनचे विघटन करतात. आधी आंबूस, उलटीसारखा वास येतो. मग घडी उलगडताना कापड कापडाला चिकटते आणि शेवटी लेपाचे पापुद्रे निघू लागतात. बिघडलेला लेप पूर्ववत होत नाही. तो काढून नवा द्यावा लागतो.

हे काम मे महिन्यातच उरकलेले बरे. पाऊस सुरू झाल्यावर कापड नीट वाळत नाही आणि ओलसर कापडावर लेप धरत नाही.

समजा, दोन माणसांचा, पाच-सहा वर्षे वापरलेला पॉलिएस्टरचा तंबू आहे. तो गच्चीवर ताणून उभा करावा आणि झारीने प्रत्येक शिवणीवर पाच-दहा मिनिटे पाणी सोडत राहावे. आत बसलेल्या माणसाने थेंब कुठे फुटतो तिथे खडूने खूण करावी. गळती शिवणीच्या रेषेवरच थेंबाथेंबाने दिसते. रात्री मुक्कामात सगळ्या कापडावर सारखे दव दिसत असेल, तर ती बहुधा गळती नसते. माणसांच्या श्वासातली वाफ थंड कापडावर साचलेली असते. त्यावर उपाय म्हणजे तंबूच्या वरच्या खिडक्या उघड्या ठेवणे. शिवणी लिंपून ते दव थांबत नाही. ही गल्लत फार होते आणि मग चांगल्या शिवणींवर विनाकारण डिंक ओतला जातो.

या तंबूत माथ्याच्या शिवणीवरची पट्टी वीतभर सुटली आहे आणि एका कोपऱ्यात लेप चिकट झाला आहे, असे धरू. फ्लाय कोमट पाण्यात साध्या सौम्य साबणाने हाताने धुवावा, भरपूर पाण्यात खळबळून काढावा आणि सावलीत पूर्ण वाळवावा. वॉशिंग मशीन टाळावे. नंतर तो उलटा, म्हणजे चकचकीत बाजू वर करून टेबलावर पसरावा. सुटलेली पट्टी सहज निघते तितकीच सोलावी. घट्ट बसलेल्या भागाला हात लावू नये. उघडी पडलेली शिवण आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसली, की जुना चिकटा निघतो.

आता सीम सीलर लावायचा. पॉलियुरेथेनचा लेप असेल तर सीलरही पॉलियुरेथेनचाच हवा. काही हलके तंबू सिलिकॉनचा लेप दिलेल्या नायलॉनचे असतात. त्यांवर हा सीलर वाळतो, पण सालासारखा निघून येतो, तिथे सिलिकॉनचाच सीलर लागतो. शिवण ताणून धरून ब्रशने पातळ थर द्यावा. टाक्याच्या दोन्ही बाजूंना साधारण अर्धा सेंटिमीटर जाईल इतकीच रुंदी पुरे. जाड थर घडीवर तडकतो. ट्यूबवर दिलेल्या वेळेपेक्षा घाई करू नये. एक रात्र तरी जाऊ द्यावी. वाळल्यावर शिवणीवर थोडी टाल्कम पावडर चोळली, तर घडीत ती चिकटत नाही.

चिकट झालेला कोपरा वेगळ्या रीतीने हाताळायचा. सैल लेप अल्कोहोलने भिजवून फडक्याने घासत काढावा, कापड वाळवावे आणि पॉलियुरेथेनच्या लेपासाठी मिळणारे पाणीमिश्रित द्रावण ब्रशने एकसारखे लावावे. सगळाच फ्लाय चिकट झाला असेल तर मात्र हा खटाटोप क्वचितच परवडतो. कापडही तपासावे. वर्षानुवर्षे उन्हात राहिलेले नायलॉन बोटांनी ताणले तरी फाटते आणि त्यावर कोणताही लेप देऊन उपयोग नाही.

बाहेरच्या बाजूला पाण्याचे मणी होऊन घरंगळण्याऐवजी कापड गडद होऊन भिजत असेल, तर तिथला पाणी झटकणारा थर झिजला आहे. धुतलेल्या, ओलसर फ्लायवर त्याचा स्प्रे मारून पाच मिनिटांनी जादा द्रावण पुसून घ्यावे. काही स्प्रे वाळल्या कापडावर मारायचे असतात, म्हणून बाटलीवरची सूचना आधी वाचावी. या थराने गळती थांबत नाही, पण कापड पाणी पिऊन जड होत नाही आणि लवकर वाळते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा झारीची चाचणी घ्यावी. खडूच्या खुणा कोरड्या राहिल्या, की तंबू पूर्ण वाळवून सुती पिशवीत सैल भरावा.