मुलाखत आणि पेपर एकाच दिवशी आले तर

धुळ्यातील देवपूरच्या विद्यार्थ्याचा विद्यापीठाचा पेपर आणि नाशिकची मुलाखत एकाच सोमवारी आली, तर हॉलतिकीट पाहताच मेल करावा. नवा मेल न लिहिता मुलाखतीच्या मेललाच उत्तर द्यावे, म्हणजे आधीचा संदर्भ शोधावा लागत नाही. कारण एका वाक्यात पुरे: ‘त्या दिवशी सकाळी १० वाजता माझी विद्यापीठाची परीक्षा आहे.’ पुढे पर्याय द्यावेत: ‘मंगळवारी दुपारी १ नंतर किंवा बुधवारी दिवसभर येऊ शकतो, सोयीचे असल्यास सोमवारी संध्याकाळी ऑनलाइनही चालेल.’ धुळे-नाशिक अंतर सुमारे १५० किलोमीटर, म्हणून सकाळची वेळ देताना प्रवास मोजावा. दिवसभरात उत्तर न आल्यास फोन करावा. नवी वेळ लेखी मिळेपर्यंत जुनी बदलली असे समजू नये.