अभिजात भाषा सहा की अकरा?

स्पर्धा परीक्षेचं ॲप : भाग ६

मागच्या भागात शंभर प्रश्नांचा संच फोनवर उतरवून घेतला. आता तो बदलायची वेळ येते. ‘अभिजात दर्जा मिळालेल्या भाषा किती?’ याचं उत्तर बरीच वर्षं सहा होतं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीसह आणखी पाच भाषांना तो दर्जा दिला आणि उत्तर अकरा झालं.

मी तेव्हा जुना प्रश्न फाइलमधून सरळ उडवला आणि नवा शेवटी जोडला. दुसऱ्या दिवशी एका मुलीचा फोन आला, “सर, काल बरोबर आलेले प्रश्न आज लाल दिसतायत.” तिची उत्तरं मी ‘तेरावा प्रश्न, दुसरा पर्याय’ अशी साठवत होतो. बारावा प्रश्न गेल्यावर पुढचे सगळे एकेक घर वर सरकले आणि तिचं प्रत्येक उत्तर भलत्याच प्रश्नाला चिकटलं. चूक माझीच, आणि तिने फोन केला नसता तर कळलीही नसती.

तेव्हापासून प्रत्येक प्रश्नाला कायमचा `id` असतो. पर्यायांनाही असतो, कारण त्यांचा क्रम ॲप दर वेळी बदलतं.

```json
{"id": "q-4127", "rev": 2,
 "status": "retired", "answer": "b"}
```

शुद्धलेखन सुधारलं तर `id` तोच ठेवून `rev` वाढवायचा. वस्तुस्थितीच बदलली तर मात्र जुना प्रश्न `retired` करून नवा `id` घ्यायचा. सप्टेंबरमध्ये ‘सहा’ लिहिणारी मुलगी तेव्हा बरोबरच होती. तिचे गुण कापायचं कारण नाही.

खरी पंचाईत उत्तरतालिकेची. एमपीएससी आधी पहिली उत्तरतालिका देते, हरकती मागवते, मग अंतिम तालिका काढते. त्यात काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. म्हणून गुण साठवायचे नाहीत. विद्यार्थ्याने निवडलेला पर्याय साठवायचा आणि गुण दर वेळी नव्याने मोजायचे. राज्यसेवा पूर्वच्या सामान्य अध्ययनात प्रश्नाला दोन गुण, चुकल्यास अर्धा वजा. उत्तर `b` ऐवजी `c` ठरलं, तर `c` निवडलेल्याचा हिशेब एका प्रश्नात अडीच गुणांनी वर जातो.

उरला प्रश्न हे बदल पोचवण्याचा. ॲप आधी चिमुकली यादी मागतं: कोणता संच, कितवी आवृत्ती, `sha256` काय. आकडा पुढे गेला असेल तरच संच उतरवायचा, तोही वेगळ्या तात्पुरत्या फाइलमध्ये. अभ्यासिकेतलं वायफाय मध्येच तुटतं, मग अर्धवट फाइलचा `sha256` जुळत नाही आणि ती टाकून देता येते. जुळला तर SQLite मध्ये एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये अदलाबदल करायची. सराव पेपर चालू असेल तर तो जमा होईपर्यंत थांबायचं. बाविसाव्या मिनिटाला पोराच्या डोळ्यांदेखत प्रश्न बदलता कामा नये.