प्रबंधातील परिभाषासूची : व्याख्या आणि वापर

परिभाषासूचीतील व्याख्या प्रकरणांतील प्रत्यक्ष वापरावरून ठरवावी. ‘पालघर जिल्हा’ ही संज्ञा उदाहरणादाखल घेऊ. ‘१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झालेला जिल्हा’ ही व्याख्या खरी आहे. परंतु २०११ च्या जनगणनेवर आधारलेल्या प्रकरणात ती लागू पडत नाही, कारण तेव्हा हा जिल्हाच नव्हता. संज्ञेच्या प्रत्येक उल्लेखाच्या जागी व्याख्या ठेवून वाक्य वाचल्यास ही विसंगती लगेच दिसते. अशा वेळी व्याख्या पुढीलप्रमाणे बांधावी : ‘पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड व वाडा या ८ तालुक्यांचा प्रदेश, २०११ चे आकडे म्हणजे या तालुक्यांची बेरीज.’ ‘ठाणे जिल्हा’ अविभाजित की विभाजनोत्तर, हेही नोंदवावे. अन्यथा दोन्ही जिल्ह्यांच्या बेरजेत पालघरची लोकसंख्या दोनदा मोजली जाण्याचा संभव राहतो.