अहो-जाहो की अरे-तुरे? जर्मन बाईंना मेसेज करताना

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी नर्सिंगच्या कामासाठी जर्मनीला गेली. भाषेची परीक्षा पास होऊन गेली होती, पण अडली ती एका शब्दावर, तोही मोबाईलवर मेसेज लिहिताना. आपल्या पोरी आता तिकडे जाऊ लागल्यात, म्हणून आज त्याच शब्दाबद्दल बोलते.

जर्मन भाषेत समोरच्या एका माणसासाठी दोन शब्द आहेत, ‘डू’ आणि ‘झी’. डू म्हणजे तू आणि झी म्हणजे तुम्ही. आपण अरे-तुरे करणं, अहो-जाहो करणं म्हणतो ना, तशी त्यांच्याकडेही क्रियापदं आहेत, ‘डूत्सन’ आणि ‘झीत्सन’. इथवर सगळं आपल्यासारखंच वाटतं, आणि फसगत होते ती त्यामुळेच.

आपल्याकडे सासूबाई सुनेला ‘तू’ म्हणतात आणि सून त्यांना ‘तुम्ही’ म्हणते. दोघींनाही त्यात वावगं वाटत नाही. जर्मनीत लहान मुलं सोडली तर असं एकतर्फी चालत नाही. दोन मोठी माणसं एकमेकांना झी तरी म्हणतात, नाहीतर डू तरी. वय साठ आणि पंचवीस असलं तरी शब्द दोघांचा एकच.

या मुलीची घरमालकीण साठीच्या घरातली. पहिला मेसेज मुलीने झी वापरून केला, वर ‘फ्राउ’ म्हणजे श्रीमती आणि आडनाव. ते बरोबरच होतं. अनोळखी घरमालक, डॉक्टर, कचेरीतला माणूस, यांच्याशी सुरुवात झीनेच करायची. तीन आठवड्यांनी बाईंचा मेसेज आला, “आपण एकमेकींना डू म्हणूया.” खाली नुसतं पहिलं नाव. मुलगी गोंधळली. आईच्या वयाच्या बाईला नावाने हाक कशी मारायची? तिने उत्तर पाठवलं, “खूप आभार, फ्राउ अमुक, तुम्ही फार चांगल्या आहात.” यात ‘तुम्ही’च्या जागी झी!

हिने मान दिला होता, पण बाईंना वाटलं की हिने नकार दिला. त्या रागावल्या नाहीत, फक्त पुढचे सगळे मेसेज झीमध्ये आणि कामापुरते येऊ लागले. पूर्वी चहाला बोलवायच्या, तेही थांबलं.

तिकडची रीत अशी की डूचा प्रस्ताव वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाने मांडायचा. लहानाने आपणहून मांडला तर आगाऊपणा दिसतो. पण मोठ्याने मांडल्यावर पुढच्याच मेसेजपासून डू आणि पहिलं नाव वापरायचं. एकदा डू झालं की परत झीवर जायचं नाही. ते भांडण झाल्यासारखं वाटतं.

प्रस्ताव दर वेळी उघड येतोच असं नाही. तेव्हा आलेला मेसेज नीट वाचायचा. आत डू असेल तर उत्तरही डूमध्ये द्यायचं. फक्त पहिल्या नावाची सही पाहून मात्र घाई करू नये, कारण काही जण पहिलं नाव घेऊनही झी म्हणतात. अंदाज येईपर्यंत एखादा मेसेज दोन्ही शब्द टाळून लिहिता येतो. “धन्यवाद, उद्या दहा वाजता चालेल,” यात तूही नाही, तुम्हीही नाही. पण दोन-तीन मेसेजनंतर हे अवघड होतं. सोबत शिकणाऱ्या मुली आणि त्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप यांत तर पहिल्यापासून डूच असतं. तिथे झी लिहिलं की फार परकं वाटतं.

लिहिताना आणखी एक बारीक गोष्ट आहे. ‘झी’ एस या अक्षराने सुरू होतं आणि तो एस कायम मोठा, म्हणजे कॅपिटल लिहायचा. वाक्याच्या मध्ये छोटा एस पडला की त्याच शब्दाचा अर्थ ‘ती’ किंवा ‘ते लोक’ होतो. “तुम्ही उद्या याल का?” हे “ते लोक उद्या येतील का?” असं वाचलं जातं. बोलताना हा फरक ऐकू येत नाही, म्हणून लिहिताना विसरायला होतं. डू मेसेजमध्ये लहान-मोठा कसाही चालतो.

फ्रेंचमध्येही अशीच जोडी आहे, ‘त्यू’ आणि ‘वू’. वू आपल्या ‘तुम्ही’सारखं आदरालाही चालतं आणि अनेकांनाही. अनोळखी मोठ्या माणसाला तिथेही सुरुवात वूनेच.

त्या मुलीची चूक दोन महिन्यांनी एका सहकारी नर्सने लक्षात आणून दिली. मग तिने बाईंना लिहिलं, “आमच्याकडे मोठ्यांना एकेरी हाक मारत नाहीत, म्हणून मला संकोच वाटला. तुमचं म्हणणं अजून कायम असेल तर मला आवडेल.” प्रस्ताव बाईंचाच होता, म्हणून हे लिहिणं आगाऊपणाचं ठरलं नाही. दहा मिनिटांत उत्तर आलं. त्यात डू होतं, आणि रविवारी केक खायला ये असंही होतं. मुलगी आईला सांगते, मेसेजमध्ये जमतं गं, पण समोर उभं राहून नाव घ्यायला अजून जीभ अडखळते.