वीस टक्क्यांचा कन्व्हर्टर, एक्याण्णव टक्क्यांचा कारखाना

अमोनियाच्या कारखान्यातला कन्व्हर्टर तसा नापासच म्हणायला हवा. जाड पोलादी भिंतींचं ते उंच पात्र, आत लोखंडापासून बनवलेल्या उत्प्रेरकाचे थर, वायूंचा दाब हवेच्या दीड-दोनशे पट आणि तापमान चारशे ते पाचशे अंश सेल्सियस. एवढा थाट करून नायट्रोजन आणि हायड्रोजनचं मिश्रण आत सोडायचं, तर बाहेर पडताना त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा अमोनिया झालेला असतो. नव्या बनावटीचे कन्व्हर्टर याहून चांगलं काम करतात, पण त्यांच्यातूनही बराच मोठा भाग आला तसाच बाहेर जातो. आणि तरीही कारखान्याच्या वार्षिक हिशेबात आत आलेल्या वायूपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वायूचा अमोनिया झालेला दिसतो.

कन्व्हर्टर बिचारा आळशी नाही, ही अभिक्रियाच उलटसुलट चालणारी आहे. नायट्रोजनचा एक रेणू आणि हायड्रोजनचे तीन मिळून अमोनियाचे दोन रेणू होतात, उष्णता बाहेर पडते, आणि तापमान चढलं की तयार झालेला अमोनिया पुन्हा मोडायला लागतो. तापमान उतरवावं तर उत्प्रेरक झोपतो. या दोन अडचणींच्या मध्ये जी चिंचोळी जागा उरते, तिथे एका फेरीत फार काही साधत नाही.

कार्लस्रुहला फ्रिट्झ हाबर यांच्या प्रयोगशाळेत हीच अडचण होती. ऑस्मियमचा उत्प्रेरक वापरून मिळालेलं अमोनियाचं प्रमाण होतं आठ टक्क्यांच्या घरात, आणि त्यावर कारखाना उभा राहील हे पटवणं सोपं नव्हतं. हाबर यांनी प्रश्नच बदलला. एका फेरीत किती झालं हे कशाला पाहायचं? झालेला अमोनिया दाबाखालीच थंड करून द्रवरूपात काढून घ्यावा, आणि उरलेला वायू पंपाने पुन्हा उत्प्रेरकावर धाडावा. या फिरत्या मांडणीचं पेटंट त्यांनी १९०८ मध्ये मागितलं, आणि रॉबर्ट ले रोसिन्योल यांच्या हातच्या कारागिरीने उभं राहिलेलं उपकरण २ जुलै १९०९ रोजी बीएएसएफ कंपनीच्या माणसांसमोर चालवून दाखवलं. १९१३ मध्ये ओपाऊ इथे पहिला कारखाना सुरू झाला तो याच मांडणीवर. आज ट्रॉम्बेला किंवा अलिबागजवळ थळला जो अमोनिया बनतो, त्यामागेही हेच वर्तुळ आहे. कारखान्यातली माणसं त्याला नुसतं ‘लूप’ म्हणतात.

आता वाटेल की वायू फिरवतच राहिला तर शेवटी शंभर टक्के अमोनिया व्हायला काय हरकत आहे? हरकत आहे ती वायूसोबत येणाऱ्या बिनकामी पाहुण्यांची. नायट्रोजन हवेतून घेतात, आणि हवेत जवळपास एक टक्का आर्गॉन असतो. हायड्रोजन बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूपासून काढतात, त्यातला थोडा मिथेन न मोडता मागे राहतो. शिवाय कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइडचे शेवटचे अंश उत्प्रेरकाला घातक असतात, म्हणून त्यांचाही मुद्दाम मिथेन करून टाकतात. सगळं मिळून ताज्या वायूत असे निष्क्रिय वायू एक टक्क्याच्या आसपास असतात. ते अभिक्रियेत भाग घेत नाहीत आणि अमोनियासारखे सहज द्रवही होत नाहीत. म्हणजे एकदा वर्तुळात शिरले की बाहेर पडायला त्यांना जवळजवळ दारच नाही. उन्हाळ्यात विदर्भात कूलर चालवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे: पाणी उडून जातं, वरून नवं ओतलं जातं, आणि क्षार मात्र टाकीतच साठत जातात. उपाय एकच, अधूनमधून टाकीतलं थोडं पाणी चांगलं असूनही फेकून द्यायचं. लूपमध्ये हे फेकणं अखंड चालू असतं. फिरत्या वायूचा एक बारीक प्रवाह सतत बाहेर सोडतात, त्याला ‘पर्ज’ म्हणतात.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. ताशी शंभर माप ताजा वायू लूपमध्ये येतो असं धरू. माप म्हणजे रेणूंची ठरावीक संख्या, वजन नव्हे. त्यात १ माप निष्क्रिय वायू, आणि उरलेल्या ९९ मापांत नायट्रोजन व हायड्रोजन एकास तीन या प्रमाणात. अमोनिया काढून घेतल्यावर फिरत्या वायूत निष्क्रिय वायूंचं प्रमाण १० टक्के राहू द्यायचं, असं कारखान्याने ठरवलं आहे. द्रव अमोनियात थोडे वायू विरघळून जातात, आणि पर्जबरोबर थोडी अमोनियाची वाफही जाते. या दोन्ही गोष्टी तूर्त बाजूला ठेवू.

लूप स्थिर चालायचा असेल तर ताशी १ माप निष्क्रिय वायू आत येतो, तेवढाच ताशी बाहेर गेला पाहिजे. पर्जमध्ये तो दहा टक्के आहे, म्हणून पर्ज १० मापांचा हवा. त्या दहांत १ माप निष्क्रिय आणि ९ मापं चांगला, वापरता आला असता असा वायू. आलेल्या ९९ पैकी ९ गेली, ९० मापांचा अमोनिया झाला. नव्वदला नव्याण्णवने भागा: जवळपास ९१ टक्के. कारखान्याचं एकूण रूपांतर ते हेच.

या हिशेबात कन्व्हर्टरचा उल्लेखही आला नाही, हे माझ्या मते या विषयातलं सगळ्यात मजेदार सत्य आहे. एका फेरीत वीस टक्के होतात की पंधरा, याने एकूण रूपांतराच्या उत्तरात काहीच फरक पडत नाही. ताज्या वायूत निष्क्रिय किती आणि लूपमध्ये त्यांना किती साठू द्यायचं, या दोन आकड्यांवर ते ठरतं.

मग कन्व्हर्टरच्या कार्यक्षमतेने बदलतं तरी काय? बदलतो तो फिरणाऱ्या वायूचा डोलारा. ९० मापं बदलायची आहेत आणि फेरीला २० टक्केच बदलतात, तर कन्व्हर्टरमध्ये ४५० मापं कामाचा वायू गेला पाहिजे. सोबत ४० मापं निष्क्रिय, म्हणजे एकूण ४९०. अमोनिया काढल्यावर ३६० आणि ४० मिळून ४०० मापं उरतात. त्यातली १० पर्जला जातात, ३९० परत फिरतात, त्यांत १०० ताजी मिळतात आणि पुन्हा ४९० होतात. हिशेब जुळला. पर्ज फिरत्या वायूच्या फक्त अडीच टक्के आहे. आता उत्प्रेरक म्हातारा होऊन फेरीचं रूपांतर १५ टक्क्यांवर आलं, तर तेवढाच अमोनिया काढायला सुमारे ६५७ मापं फिरवावी लागतील. एक तृतीयांश जास्त वायू, म्हणजे कॉम्प्रेसरवर, गरम-थंड करणाऱ्या यंत्रांवर आणि वीज-वाफेच्या बिलावर तेवढा भार. कॉम्प्रेसरची ताकद संपली की मग दाब वाढू लागतो आणि उत्पादन कमी करावं लागतं.

आता पर्जचा व्हॉल्व्ह थोडा आवळू. निष्क्रिय वायूंना १५ टक्के साठू दिलं, तर पर्ज ६.७ मापांवर येतो आणि एकूण रूपांतर ९४ टक्क्यांवर चढतं. २० टक्के साठू दिलं तर ९६. कागदावर फारच सुरेख दिसतं. पण कन्व्हर्टरच्या आत दाबाचा पाचवा हिस्सा आता अशा वायूंनी व्यापलेला असतो जे काहीच करत नाहीत. फेरीचं रूपांतर घसरतं, आणि वाचवलेल्या वायूची किंमत वाढलेल्या फिरवणुकीत मोजावी लागते. उलट प्रमाण ५ टक्क्यांवर ठेवायचं म्हटलं तर पर्ज २० माप होतो आणि एकूण रूपांतर ८१ टक्क्यांवर कोसळतं. दोन्हींच्या मध्ये कुठे थांबायचं हे नैसर्गिक वायूचा भाव आणि कॉम्प्रेसरची शिल्लक ताकद पाहून ठरतं, त्यामुळे एकाच कारखान्यातही ते कायमचं ठरत नाही.

पर्ज कुठून सोडायचा हेही महत्त्वाचं. आपल्या उदाहरणात तो अमोनिया काढल्यानंतर आणि ताजा वायू मिसळण्याआधी सोडला, कारण तिथे निष्क्रिय वायू सर्वात दाट असतात. ताजा वायू मिसळल्यावर हेच प्रमाण ८ टक्क्यांच्या जरा वर येतं. तिथून सोडला तर एक माप घाण काढायला बारा मापांहून अधिक वायू फेकावा लागेल.

लूपचा दाब हळूहळू चढू लागला तर कंट्रोल रूममधल्या माणसाला पहिली शंका निष्क्रिय वायूंची येते. गॅस क्रोमॅटोग्राफवर मिथेन आणि आर्गॉनचे आकडे पाहिले की ती खरी की खोटी ते कळतं. ते वाढलेले नसतील आणि कन्व्हर्टरमधली तापमानवाढ मात्र कमी झाली असेल, तर उत्प्रेरकाकडे बोट जातं. पण तिसराही एक संशयित आहे आणि तो जास्त फसवतो: हायड्रोजन-नायट्रोजनचं प्रमाण. समजा ताज्या वायूत हायड्रोजन ७४.२५ ऐवजी ७४ माप आला आणि नायट्रोजन २४.७५ ऐवजी २५. गुणोत्तर तीनऐवजी २.९६, म्हणजे फरक नावालाच. पण जादा नायट्रोजनला जोडीदार नाही, तोही निष्क्रिय वायूसारखाच साठत जातो. पर्ज तोच १० मापांचा ठेवून हिशेब केला तर २२.५ माप नायट्रोजन आणि ६७.५ माप हायड्रोजन वापरला जातो, आणि मागे २.५ माप नायट्रोजन व ६.५ माप हायड्रोजन उरतो. लूपमधलं गुणोत्तर २.६! आत येताना जी चूक दीड टक्क्याहूनही कमी होती, ती फिरत्या वायूत तेरा टक्क्यांची होऊन बसते. म्हणून हवेचा पुरवठा दुरुस्त करताना चाणाक्ष ऑपरेटर अगदी बारीक पाऊल टाकतो आणि लूप सावकाश सावरेपर्यंत थांबतो. घाईने व्हॉल्व्ह फिरवणारा दुसऱ्या टोकाला जाऊन आदळतो.

फेकलेला पर्जही वाया जातोच असं नाही. त्यातला अमोनिया पाण्याने धुऊन काढतात, आणि उरलेला वायू पूर्वी सरसकट भट्टीत इंधन म्हणून जाळत. उष्णता मिळते, पण हायड्रोजन बनवायला केलेला सगळा खटाटोप त्या ज्वाळेत जातो. त्याऐवजी पुष्कळ कारखान्यांत पर्ज एका विशेष पडद्यातून किंवा अतिशीत विभाजकातून नेतात. हायड्रोजन वेगळा होऊन लूपमध्ये परततो, मिथेन आणि आर्गॉन बाजूला पडतात. आपल्या दहा मापांच्या पर्जमध्ये ६.७५ माप हायड्रोजन होता. त्यातला ९० टक्के परत मिळाला तर खरं नुकसान ०.७ मापांच्याही आत येतं, आलेल्या हायड्रोजनच्या एका टक्क्याहून कमी. परतलेल्या हायड्रोजनला जोडीदार म्हणून थोडी जास्त हवा घ्यावी लागते, नाहीतर मघाचा गुणोत्तराचा घोळ उलट्या दिशेने सुरू होतो.

अशी सोय असली की पर्जबद्दलची कंजुषी सोडता येते. निष्क्रिय वायूंचं प्रमाण ५ टक्क्यांवर आणायला पर्ज २० मापांचा केला, तरी त्यातल्या सव्वाचौदा माप हायड्रोजनपैकी ९० टक्के परत येतो, आणि नुकसान दोन टक्क्यांच्या आत राहतं. वर कन्व्हर्टरमध्ये बिनकामी गर्दी निम्म्यावर आल्याने फिरवायचा वायूही कमी होतो.